फळ्यावरच्या पाच ओळी, कागदावरच्या बारा

आमच्या अभ्यासगटात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी येते. संख्याशास्त्राची चाचणी झाल्यावर ती पेपर घेऊन आली. प्रश्न असा होता: नमुन्याच्या व्हेरियन्समध्ये n − 1 ने भागलं की अपेक्षित किंमत बरोबर σ² येते, हे सिद्ध करा, आणि नमुन्यातली निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत ही गोष्ट नेमकी कोणत्या पायरीवर वापरली ते सांगा. पहिल्या भागाला पूर्ण गुण होते. दुसऱ्या भागात तिने लिहिलं होतं, ‘तिसऱ्या ओळीत’. त्यावर लाल फुली.

“ताई, सिद्धता बरोबर आहे, मग उत्तर चूक कसं?” तिचा प्रश्न रास्त होता. वहीत डेरिव्हेशन सुवाच्य अक्षरात उतरवलेलं होतं, फळ्यावर होतं तसंच:

```
1)  X1, ..., Xn ~ N(μ, σ²), स्वतंत्र
2)  Σ(Xi − X̄)² = Σ[(Xi − μ) − (X̄ − μ)]²
3)             = Σ(Xi − μ)² − n(X̄ − μ)²
4)  E[Σ(Xi − X̄)²] = nσ² − n·(σ²/n)
5)             = (n − 1)σ²
```

पाचवीनंतर ‘म्हणून E[S²] = σ²’ असं लिहून चौकट केली होती. इथे S² म्हणजे Σ(Xi − X̄)² भागिले n − 1.

यात चूक काहीच नाही. पण दुसरी ते तिसरी आणि तिसरी ते चौथी या दोन उड्यांमध्ये सगळा माल दडलाय. फळ्यावर शिकवणारा माणूस ती उडी मारताना बोलत असतो, हात हलवत असतो. वहीत उतरतात त्या फक्त ओळी. तिला मी म्हटलं, हेच डेरिव्हेशन पुन्हा लिही. कागद आडवा धर, डावीकडे ओळ आणि उजवीकडे तिच्या शेजारी तिचं कारण. एका ओळीला दोन कारणं लागली तर त्या दोन ओळी कर.

पहिला कागद

दुसऱ्या दिवशी तिने आणलेला कागद बघून मला माझीच जुनी वही आठवली. उजव्या रकान्यात होतं: ‘μ मिळवला आणि वजा केला’, ‘कंस सोडवला’, ‘अपेक्षित किंमत घेतली’, ‘किंमती टाकल्या’. ही कारणं नव्हेत. हे डाव्या रकान्यात काय घडलं त्याचं वर्णन आहे, आणि ते डावीकडे दिसतंच आहे. ‘किंमती टाकल्या’ हे वाचून कोणत्या किंमती आणि त्या कुठून आल्या, हे काहीच कळत नाही.

म्हणून आम्ही एक कसोटी ठरवली. उजवीकडे लिहिलेली गोष्ट खोटी ठरली तर डावीकडची ओळ कोसळली पाहिजे. न कोसळली तर ते कारण नाही. ‘कंस सोडवला’ खोटं ठरण्याचा प्रश्नच येत नाही. पण ‘X̄ ची व्याख्या: ΣXi = nX̄’ हे काढून घेतलं तर एक ओळ खरोखर पडते.

त्या कसोटीवर चाळलं की चारच जातीची कारणं उरतात: बीजगणित, व्याख्या, आधी सिद्ध झालेला नियम आणि गृहीतक. गृहीतकांना आम्ही वरच्या कोपऱ्यात क्रमांक दिले. गृ१: प्रत्येक Xi चं अपेक्षित मूल्य μ. गृ२: प्रत्येक Xi चा व्हेरियन्स σ², आणि तो सांत. गृ३: सगळे Xi परस्परांपासून स्वतंत्र. गृ४: वितरण नॉर्मल. फळ्यावर हे चारही पहिल्या ओळीत एकाच दमात लिहिलेले होते, त्यामुळे ते एकच गृहीतक आहे असं तिला वाटत होतं. चार नावं दिल्यावरच प्रत्येकाची हजेरी वेगळी घेता येते.

आणखी एक गोष्ट आम्ही पेन्सिलीने लिहायचं ठरवलं. ‘ही ओळ खरी का?’ आणि ‘ही ओळ इथे लिहायचं का सुचलं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. Xi − X̄ मध्ये μ आणून टाकणं खरं आहे, कारण तोच आकडा वजा करून मिळवला. पण तसं करावंसं का वाटलं? कारण अपेक्षित किंमत आपल्याला μ भोवतीच्या वर्गांची ठाऊक आहे, X̄ भोवतीच्या वर्गांची नाही. पहिलं उत्तर शाईने, दुसरं पेन्सिलीने. दोन्ही एकाच रकान्यात मिसळली की ‘सोपं जावं म्हणून’ हे कारण म्हणून खपून जातं.

तिसऱ्या ओळीतली खाच

दुसरी ओळ ते तिसरी ओळ ही उडी उलगडताना ती अडकली, आणि या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग तोच. वर्ग उलगडून बेरीज केली की तीन पदं येतात:

```
Σ(Xi − μ)² − 2(X̄ − μ)·Σ(Xi − μ) + n(X̄ − μ)²
```

मधलं पद नाहीसं झाल्याचं फळ्यावर दिसत होतं. तिने शेजारी लिहिलं, ‘विचलनांची बेरीज शून्य, म्हणून मधलं पद गेलं’. वाचायला ते इतकं ओळखीचं वाटतं की मीही क्षणभर मान डोलावली. विचलनांची बेरीज शून्य हे शाळेपासून पाठ आहे. पण ती X̄ पासूनची विचलनं. इथे μ पासूनची आहेत. नमुन्याची सरासरी नेमकी μ वर येऊन बसली तरच Σ(Xi − μ) शून्य होईल.

वाद घालण्यापेक्षा आकडे घातले. २, ४, ९ ही तीन निरीक्षणं घ्या, X̄ झाला ५. μ ३ आहे असं धरा. X̄ पासूनची विचलनं −३, −१, ४. त्यांच्या वर्गांची बेरीज २६. μ पासूनची विचलनं −१, १, ६. त्यांची बेरीज ६, शून्य नव्हे. वर्गांची बेरीज ३८. शेवटचं पद n(X̄ − μ)² म्हणजे ३ गुणिले ४, बारा. मधलं पद शून्य मानलं तर ३८ + १२ = ५०, आणि हवेत २६. मधलं पद खरं मोजलं तर −२ × २ × ६ = −२४, आणि ३८ − २४ + १२ = २६. जुळलं.

म्हणजे मधलं पद गेलेलं नाही, ते शेवटच्या पदात मिसळलंय. X̄ च्या व्याख्येने Σ(Xi − μ) = n(X̄ − μ), म्हणून मधलं पद −2n(X̄ − μ)² होतं, आणि −2n + n मिळून −n. तिसऱ्या ओळीतलं ते वजा चिन्ह इथून येतं. चुकीच्या कारणाने चाललं असतं तर तिथे अधिक आलं असतं, शेवटी (n + 1)σ² मिळालं असतं आणि n + 1 ने भागावं लागलं असतं. तिच्या वहीत उत्तर बरोबर होतं ते फळ्यावरून उतरवलं म्हणून. तिने लिहिलेलं कारण त्या उत्तराकडे जातच नव्हतं. कारणाचा रकाना नसता तर ही चूक कधी उघडी पडली नसती.

दुसऱ्या दिवशी तिने याच जागी एक सुधारित कारण आणलं, आणि ते आणखी फसवं होतं. ‘μ पासूनच्या विचलनांची अपेक्षित किंमत शून्य, म्हणून मधल्या पदाची अपेक्षित किंमत शून्य.’ E[Σ(Xi − μ)] = 0 हे खरंच आहे. पण मधलं पद गुणाकार आहे, आणि गुणाकाराची अपेक्षित किंमत म्हणजे अपेक्षित किंमतींचा गुणाकार, हे म्हणायला दोन्ही घटकांत निदान सहसंबंध तरी नसावा लागतो. इथे X̄ त्याच Xi पासून बनलाय. दोन्ही घटक एकाच राशीच्या पटी आहेत. त्यांचा गुणाकार म्हणजे एक वर्गच. चाचणीत तिने ‘स्वतंत्रता तिसऱ्या ओळीत’ असं का लिहिलं, ते इथे उलगडलं. तिसरी ओळ तिला स्वतंत्रतेमुळे खरी वाटत होती.

तिसऱ्या ओळीपर्यंत E हे अक्षर एकदाही आलेलं नाही. २, ४, ९ आणि ३ हे आकडे मी मनाने घेतले होते; त्यांना ना वितरण ना संभाव्यता. तरी ओळ जुळली. म्हणजे ती कोणत्याही n आकड्यांसाठी आणि कोणत्याही μ साठी खरी असलेली निव्वळ बीजगणिती ओळख आहे. तिथे स्वतंत्रतेला शिरायला दारच नाही. आम्ही कागदावर त्या ओळीखाली एक आडवी रेघ मारली. रेघेच्या वर एकही ‘गृ’ येता कामा नये.

चौथी ओळ फोडताना

रेघेखालचा भाग फळ्यावर एका ओळीत होता. तो फोडल्यावर पाच ओळी झाल्या. त्यातली पहिली म्हणजे अपेक्षित किंमत बेरजेच्या आत नेणं. तिने सवयीने गृ३ लिहिलं. अनेकजण लिहितात. पण बेरजेची अपेक्षित किंमत ही अपेक्षित किंमतींची बेरीज असते, मग घटक एकमेकांना कितीही बांधलेले असोत. एकाच फाशावर वरचा आकडा आणि खालचा आकडा घ्या: एक कळला की दुसरा ठरलाच, तरी दोघांच्या बेरजेची अपेक्षित किंमत ३.५ अधिक ३.५, म्हणजे ७ येते. गृ३ खोडलं.

मग E(X̄ − μ)² ला Var(X̄) म्हणायचं. यात एक लपलेली पायरी आहे. व्हेरियन्स म्हणजे स्वतःच्या अपेक्षित मूल्यापासूनच्या विचलनाच्या वर्गाची अपेक्षित किंमत. X̄ चं अपेक्षित मूल्य μ आहे हे आधी दाखवल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. शिकवताना हे कोणी लिहीत नाही आणि लिहावं असा आग्रहही नसतो, पण आपल्या कागदावर ती ओळ हवीच.

शेवटी उरलं Var(X̄) = σ²/n. इथे मात्र गृ३ लागतं. बेरजेचा व्हेरियन्स उलगडला की प्रत्येकाच्या व्हेरियन्सबरोबर प्रत्येक जोडीचा कोव्हेरियन्स येतो. स्वतंत्रतेमुळे ते सगळे शून्य होतात, उरतात n वेळा σ², आणि बाहेरच्या 1/n² ने ते σ²/n होतात.

पूर्ण कागद असा झाला:

| ओळ | डावीकडे | शेजारी कारण |
|---|---|---|
| १ | Xi − X̄ = (Xi − μ) − (X̄ − μ) | बीजगणित: μ वजा, μ अधिक |
| २ | (Xi − X̄)² = (Xi − μ)² − 2(Xi − μ)(X̄ − μ) + (X̄ − μ)² | बीजगणित: १ चा वर्ग |
| ३ | Σ(Xi − X̄)² = Σ(Xi − μ)² − 2(X̄ − μ)Σ(Xi − μ) + n(X̄ − μ)² | X̄ − μ मध्ये i नाही, म्हणून बेरजेबाहेर; शेवटचं पद n वेळा तेच |
| ४ | Σ(Xi − μ) = n(X̄ − μ) | X̄ ची व्याख्या. शून्य नव्हे! |
| ५ | Σ(Xi − X̄)² = Σ(Xi − μ)² − n(X̄ − μ)² | ४ हे ३ मध्ये घातलं; −2n + n = −n. इथे रेघ |
| ६ | E[Σ(Xi − X̄)²] = ΣE(Xi − μ)² − nE(X̄ − μ)² | अपेक्षित किंमत बेरजेवर वाटली जाते; गृ३ लागत नाही |
| ७ | E(Xi − μ)² = σ² | व्हेरियन्सची व्याख्या, गृ१, गृ२ |
| ८ | E(X̄) = μ | ६ मधलाच नियम, गृ१ |
| ९ | E(X̄ − μ)² = Var(X̄) | व्हेरियन्सची व्याख्या, ८ मुळे |
| १० | Var(X̄) = σ²/n | गृ२; गृ३ मुळे सगळे कोव्हेरियन्स शून्य |
| ११ | E[Σ(Xi − X̄)²] = nσ² − σ² = (n − 1)σ² | ७, ९, १० हे ६ मध्ये |
| १२ | E[S²] = σ² | S² ची व्याख्या; n − 1 ने भागायचं म्हणून n ≥ 2 |

बाराव्या ओळीतलं n ≥ 2 तिने स्वतःहून लिहिलं. कारणाचा रकाना भरायची सवय लागली की भागाकार दिसला की हात थांबतो.

गैरहजर गृहीतक

मग उजवा रकाना वरून खाली वाचत आम्ही हजेरी घेतली. गृ१ नियमित विद्यार्थी, सातवीत आणि आठवीत. गृ२ सातवीत, दहावीत. गृ३ फक्त दहावीत; चाचणीतल्या प्रश्नाचं उत्तर ते. गृ४ कुठेच नाही.

“म्हणजे नॉर्मल नसलं तरी चालतं?” तिला शंका होती की एखादी ओळ सुटली असेल. अशा वेळी कागदावर विश्वास ठेवण्यापेक्षा एक छोटं उदाहरण पुरतं मोजावं. X ची किंमत ० किंवा १, दोन्हींची शक्यता निम्मी. नॉर्मलपासून याहून लांब काय असणार? इथे μ = ०.५ आणि σ² = ०.२५. दोनचा नमुना घेतला की चार सारख्याच शक्यतेचे नमुने: (०,०), (०,१), (१,०), (१,१). पहिल्या आणि शेवटच्यात S² शून्य. मधल्या दोघांत सरासरी ०.५, विचलनांच्या वर्गांची बेरीज ०.५, आणि n − 1 म्हणजे १ ने भागून S² = ०.५. चारांची सरासरी: (० + ०.५ + ०.५ + ०) भागिले ४, म्हणजे ०.२५. अचूक σ². n ने भागलं असतं तर ०.१२५ आलं असतं, बरोबर निम्मं.

मग फळ्यावर N(μ, σ²) लिहिलं का? कारण पुढच्या तासाला X̄ आणि S² एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे हवं असतं, आणि (n − 1)S²/σ² चं वितरण χ², म्हणजे काय-वर्ग, आहे हेही. त्या दोन्हींना नॉर्मल लागतं. शिकवणाऱ्याने एकदाच लिहून दोन तास चालवलं. त्यात गैर काही नाही, पण उतरवणाऱ्याला ते गृहीतक या सिद्धतेचं वाटतं.

दहाव्या ओळीचं कारण मात्र आणखी घासून पाहण्यासारखं होतं. तिथे वापरलंय ते एवढंच की जोड्यांचे कोव्हेरियन्स शून्य आहेत. पूर्ण स्वतंत्रता त्याहून जास्त मागते. आणि कोव्हेरियन्स शून्य नसले तर? प्रत्येक जोडीचा सहसंबंध सारखाच ρ धरला तर दहावी ओळ Var(X̄) = (σ²/n)(1 + (n − 1)ρ) होते, अकरावी (n − 1)σ²(1 − ρ), आणि शेवटी E[S²] = σ²(1 − ρ). निरीक्षणं एकमेकांकडे ओढलेली असली, म्हणजे ρ धन असला, की S² खऱ्यापेक्षा लहान पडतो. ρ = 1 म्हणजे सगळी निरीक्षणं एकच; S² शून्य, साहजिकच. कागदावर फक्त दहावी, अकरावी आणि बारावी बदलावी लागली. वरच्या नऊ ओळींना हात लागला नाही, आणि ज्या ओळींना लागला त्यांचं कारण दहावीतच लिहिलेलं होतं.

इतकं झाल्यावर तिने उत्साहाने तेरावी ओळ जोडली: E[S] = σ. दोन्ही बाजूंचं वर्गमूळ. मग पेन उजव्या रकान्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. व्याख्या नाही, बीजगणित नाही. अपेक्षित किंमत बेरजेवर वाटली जाते, वर्गमुळावर नाही. ० आणि १ चंच उदाहरण तिने पुन्हा काढलं. चार नमुन्यांत S च्या किंमती ०, ०.७०७, ०.७०७, ०, सरासरी ०.३५४. σ मात्र ०.५. तेरावी ओळ तिने खोडली नाही. डावीकडे आडवी काट मारली आणि शेजारच्या रिकाम्या चौकटीत ०.३५४ लिहून ठेवलं.